एकशेवीस किलोचा झुला

आभा टेंबेला शिसारी फार लवकर येते. दुसऱ्याच्या कंगव्यातला केस, दुधावरच्या सायीत अडकलेली मुंगी, लग्नाच्या पंगतीत एकाच पळीने वाढलेली भाजी आणि खीर, एवढ्यावर तिचं जेवण संपतं. झाँसीत लक्ष्मी गेटजवळच्या त्यांच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. तिची आई अनुसूयाबाई म्हणते, "हिला सासरी धाडायची तर आधी सासरचं फडताळ धुऊन घ्यावं लागेल." लग्नाचं अजून जमलेलं नाही. दोन स्थळं आली होती. पहिला मुलगा बोलता बोलता बशीत चहा ओतून फुंकत बसला. दुसऱ्याचं काय बिघडलं ते आभाने कुणाला सांगितलं नाही, नुसतं नाक मुरडलं.

घराणं भिक्षुकांचं. पूर्वज पेशवाईत कधीतरी पूजाअर्चेसाठी इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. आता पूजा वर्षातून एकदा गणपतीत होते, तीही काका मोबाइलमध्ये बघून सांगतात. मराठी घरापुरती. उंबरठा ओलांडला की हिंदी, आणि भाजीवाल्याशी भांडायचं असेल तर बुंदेली. आभाचे वडील रेल्वेत कारकून होते. सरकारी कागदावर शाईचा डाग पडला तर ते अख्खा कागद पुन्हा लिहीत. लेकीने तो स्वभाव उचलला, फक्त नोकरी सरकारी मिळाली नाही.

ती मिळाली जयसिंग मोहित्यांच्या दुकानात. दुकानच म्हणायचं, कारण सीपरी बाजारात खाली चपलांचं दुकान आणि वर यांचं, जिना त्याच दुकानातून. जयसिंगदादा लोकांच्या धंद्याच्या वेबसाइट बनवून देतात. त्यांचे पूर्वज शिपाईगडी. तलवार गेली, पण पुढे होऊन शब्द देऊन टाकायची खोड राहिली. गिऱ्हाइकाने विचारावं, "कब तक हो जाएगी?" आणि यांनी म्हणावं, "समझो हो गई." त्या 'समझो'मध्ये जे काही उरत असे, ते केयूर आणि आभाच्या वाट्याला येई. केयूर साइट बांधतो. आभा ती निवडते.

'निवडणं' हा शब्द तिथे जयसिंगदादांनीच रूढ केला. साइट लोकांसाठी खुली करण्याआधी आभा ती पानोपान बघते, तांदळातले खडे बघावेत तशी. साइट बांधताना जिथे खरा मजकूर यायचा असतो तिथे तात्पुरतं काहीतरी भरून ठेवतात, म्हणजे पान कसं दिसेल ते कळतं. जगभर त्यासाठी लॅटिन वाटणारा एक निरर्थक मजकूर चालतो, 'लोरेम इप्सम' म्हणतात त्याला. तो राहून गेला की धंद्याची शोभा होते. आभा आधी तो शब्द शोधते. मग 'टेस्ट', 'डमी', 'नमुना', एकापासून दहापर्यंत ओळीने लिहिलेले फोन नंबर. मग जिथे शोधयंत्र पोचत नाही तिथे ती स्वतः पोचते. फॉर्म रिकामा पाठवून बघते, कारण चुकीच्या वेळी दिसणारे संदेश कुणीच वाचत नाही आणि केयूर तिथे मनातलं लिहून ठेवतो. एका दंतवैद्याच्या साइटवर पत्ता न भरता बटण दाबलं की 'अबे भर ना' असं यायचं. एका बँड-बाजावाल्याकडे आलेली चौकशी कुठे जाते ते तिने तपासलं, तर ती केयूरच्या चाचणीच्या मेलवर जात होती. बिचाऱ्या बँडवाल्याला वाटत होतं, यंदा झाँसीत कुणी लग्नच करत नाहीये.

असं काही सापडलं की आभाचं नाक मुरडतं. केयूर म्हणतो, "ताई, तुमच्या नाकाला वेगळा पगार द्यायला पाहिजे." ती म्हणते, "तू हात धुऊन काम कर, मग नाकाला सुट्टी देते."

पण खरी घाण लॅटिनची नव्हे, हे तिला गेल्या वर्षी कळलं. त्याला कारण इथली गिऱ्हाइकं. इथल्या माणसाला साइटचा कच्चा नमुना दाखवला आणि त्यात ते लॅटिन दिसलं, की तो बिथरतो. एक लोखंडी कपाटवाला म्हणाला होता, "ये साउथ की भाषा क्यों डाल दी भैया, हमें तो यहीं बेचना है." समजावून उपयोग होत नाही. शेवटी जयसिंगदादांनी फर्मान काढलं, की तात्पुरता मजकूर हिंदीत भरायचा आणि वाचायला छान वाटेल असा भरायचा. केयूरला काय, त्याला मोकळं रान मिळालं. 'पिछले पच्चीस वर्षों से आपकी सेवा में.' 'हज़ारों संतुष्ट ग्राहक.' गिऱ्हाईक खूश. कारखाना चार वर्षांचा असला तरी पंचवीस वाचून त्यालाही वाटू लागे, असतील, मोजले नसतील.

लॅटिन निदान ओरडून सांगतं की मी खोटं आहे. ही हिंदी गप्प बसते. भातात खडा असेल तर दाताखाली येतो, पण भातात प्लॅस्टिकचा तांदूळ मिसळला तर काय करायचं? आभाने जयसिंगदादांना हे सांगितलं होतं. ते म्हणाले, "म्हणून तर तू आहेस."

तर ही एप्रिलमधली गोष्ट. इकडे शाळांचं वर्ष एप्रिलातच सुरू होतं, ते नुकतं सुरू झालं होतं आणि ऊन असं की जिन्याचा लोखंडी कठडा धरवत नव्हता. आभाच्या पुढ्यात 'किलकारी खेल उद्योग'ची साइट होती. शहराबाहेर बिजौलीचा कारखाना, शाळांसाठी झुले, घसरगुंड्या, सी-सॉ बनवणारा. मालक बृजेंद्र निरंजन. साइट दुसऱ्या दिवशी खुली व्हायची होती, म्हणजे जयसिंगदादांनी 'समझो हो गई' म्हटलं होतं.

ती झुल्यांच्या पानावर आली. प्रत्येक झुल्याखाली छोटा तक्ता. वय, तीन ते बारा वर्षं. भारक्षमता, एकशेवीस किलो. मोठा चार जणांचा झुला, एकशेवीस. टायरचा झुला, एकशेवीस. बाळांना बसवायचा बादलीसारखा झुला, तोही एकशेवीस. प्रत्येक तक्त्याच्या तळाशी एक ओळ: 'यहाँ सुरक्षा की जानकारी आएगी.'

"केयूर, हे एकशेवीस कुठून आलं?"

"कुठलं?" त्याने मान वर न करता विचारलं.

"झुल्यांचं वजन."

"ते मीच टाकलंय. तक्ता कसा दिसतो बघायला. एक भरला आणि बाकी चिकटवले. खरे आकडे पाठवतो म्हणाले होते निरंजनजी."

"पाठवले?"

"ताई, पाठवले असते तर तुम्ही मला विचारलं असतं का?"

"आणि एकशेवीसच का?"

केयूरने जरा विचार केला. "माझ्या मामाचं वजन आहे."

आभाने निरंजनजींना फोन लावला. ते म्हणाले, "मैडम, फोन पे क्या समझ आएगा, आप फैक्ट्री आ जाइए. गाड़ी निकल रही है, आज ही माल जा रहा है, फोटो भी ले लीजिए." कसला माल, हे तिने विचारलं नाही. आकडे कागदावर घेऊन तासाभरात परत येऊ, अशा हिशोबाने ती ई-रिक्षात बसली.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. आत वेल्डिंगचा जळका वास, ताज्या रंगाचा वास आणि एका कोपऱ्यात कुणीतरी थुंकून थुंकून रंगवलेली भिंत. त्या भिंतीला टेकवून तयार घसरगुंड्या ठेवल्या होत्या. आभाने ओढणी नाकाशी धरली. निरंजनजी समोर आले, गोल, प्रसन्न, खिशाला तीन पेनं. त्यांनी खुर्ची पुसून दिली. ज्या फडक्याने पुसली, ते पाहून ती उभीच राहिली.

"निरंजन जी, झूलों की भार क्षमता चाहिए. हर एक की अलग."

"वो तो लिखी है ना आपकी साइट पे."

"वो हमने ऐसे ही भरी थी. जगह दिखाने को. असली आपको देनी थी."

निरंजनजी तिच्याकडे बघत राहिले. गोंधळले नाहीत, नाराजही झाले नाहीत. सून भलतंच काही बोलली की वडीलधारी माणसं बघतात तसं, कौतुकाने.

"ऐसे ही भरी थी," ते म्हणाले, "पर भरी तो बढ़िया है."

मग त्यांनी तिला शेडच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथे ट्रक उभा होता. निम्मा भरलेला, दोन माणसं दोर आवळत होती. खाली उरलेले बादली-झुले एकात एक रचून ठेवलेले, लाल, पिवळे, निळे. प्रत्येकाच्या पाठीवर एक चकचकीत स्टिकर. आभा वाकली आणि तिने वाचलं.

'किलकारी नर्सरी झूला. भार क्षमता 120 किग्रा. आयु 3 से 12 वर्ष. यहाँ सुरक्षा की जानकारी आएगी.'

तिने ओढणी पुन्हा नाकाशी धरली. रंगाच्या वासाने नव्हे. केयूरचा मामा त्या बादलीत बसला होता. सीपरी बाजारातल्या एका खुर्चीवर बसून कुणीतरी कंटाळ्याने जे टाइप केलं, ते इथे लोखंडावर चिकटून बसलं होतं. रंगीत, गोल कोपऱ्यांचं, खरं वाटणारं.

"ये कब छपवाए?"

"पिछले महीने. जयसिंग भैया ने लिंक भेजी थी, हमने मोबाइल में फोटो खींची, माणिक चौक में छपवा लिए. बिल्कुल साइट जैसे." ते अभिमानाने म्हणाले. "दोनों जगह एक ही बात होनी चाहिए ना. अलग-अलग हो तो पार्टी को शक होता है."

"और ये नीचे वाली लाइन?"

त्यांनी चष्मा वर करून वाचलं. "सुरक्षा की जानकारी आएगी. ठीक तो है. आएगी तो आएगी."

"निरंजन जी, इसमें कितना वज़न टँग सकता है? सच में?"

"देखिए, बच्चा तो बैठेगा ही."

"कभी टाँग के देखा है?"

"मैडम, चार साल से बेच रहे हैं."

"किसी ने शिकायत की?"

"शिकायत," ते म्हणाले, आणि त्या शब्दावर त्यांनी फार हळुवार हात फिरवला, "शिकायत तो लोग किसी भी चीज़ की कर देते हैं."

दोर आवळणाऱ्यांपैकी एक जण हसला. आभाने त्याच्याकडे पाहिलं तसं त्याने गाठीकडे लक्ष घातलं.

माल कुठे चाललाय, ते तिने आता विचारलं. मोंठच्या एका शाळेत. बालवाडीचं नवं अंगण, उद्या उद्घाटन, आमदारांच्या कुणाचा तरी हात लागणार. प्राचार्या फार काटेकोर बाई, निरंजनजी सांगत होते. चार दुकानांचे झुले बघून त्यांनी किलकारी पसंत केलं, ते केवळ साइटवर सगळं लिहिलेलं होतं म्हणून. बाकी कुणी भारक्षमता लिहितच नाही. जयसिंगदादांनी धाडलेली कच्च्या नमुन्याची लिंक यांनी बाईंना पुढे पाठवली होती, ती बाईंनी सेव्ह करून ठेवली आहे आणि माल उतरवताना त्या तिच्याशी ताडून घेणार आहेत.

आभाला आता बसावंसं वाटत होतं, पण खुर्ची तीच होती.

"इसको निकालना पड़ेगा," ती म्हणाली. "जब तक असली नंबर ना मिले."

"अरे तो नंबर बदल दीजिए, झगड़ा किस बात का?" निरंजनजी समजूतदारपणे म्हणाले. "एक सौ बीस ज़्यादा लग रहा है? सौ कर दीजिए."

तिने नकारार्थी मान हलवली.

"अस्सी?"

शेडमध्ये ग्राइंडर फिरत होता. तो थांबला.

"चलिए आप ही बोल दीजिए कितना. आप पढ़ी-लिखी हैं. जो आपको ठीक लगे."

झाँसीच्या भाजीबाजारात आभाने कोथिंबिरीच्या जुडीवरून रक्त आटवलं आहे. पण तिथे निदान कोथिंबीर असते. इथे एक माणूस तीन वर्षांच्या पोराच्या बुडाखालच्या आकड्याची घासाघीस करत होता, तीही अशा बाईशी जिला झुल्यातलं ओ की ठो कळत नाही. आणि त्याच्या चेहऱ्यावर लाज तर सोडाच, साधा घामही नव्हता.

तिने फोन काढला. साइटचा तो कच्चा नमुना बदलायची चावी तिच्याकडे असते, शुद्धलेखन सुधारायला म्हणून. प्रत्येक झुल्याच्या तक्त्यातून तिने एकशेवीस खोडलं. बोटं घामाने घसरत होती, एकदा भलतंच पान उघडलं, पण ती थांबली नाही. भारक्षमतेपुढे लिहिलं: 'जाँची नहीं गई है.' सुरक्षेच्या रिकाम्या ओळीत लिहिलं: 'स्टिकर पर छपा 120 किग्रा ग़लत है.' मग जपून ठेवायचं बटण दाबलं आणि पान पुन्हा उघडून, ते खरंच बदललं का, तेही पाहिलं. सवय.

"क्या लिख रही हैं?"

"जो है, वही."

निरंजनजींनी आपल्या फोनवर पान उघडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला आणि हिंदीची बुंदेली झाली. "काए, जे का कर दओ?" त्यांनी जयसिंगदादांना फोन लावला, मोठ्या आवाजात सगळं ऐकवलं, आणि फोन आभाच्या हातात दिला. फोनला पान-मसाल्याचा वास होता. तिने तो कानापासून लांब धरला.

"आभा," जयसिंगदादा म्हणाले, "ती ओळ काढ. आधी काढ, मग बोलू."

"नाही काढत."

"तो गिऱ्हाईक आहे आपला."

"दादा, स्टिकर छापलेत त्याने. केयूरच्या मामाचे."

"कुणाचे?"

तिने सांगितलं. पलीकडून खालच्या दुकानातला आवाज आला, कुणीतरी आठ नंबरची चप्पल मागत होतं.

"आपण नव्हतं सांगितलं छापायला," जयसिंगदादा म्हणाले.

"मी निवडण्याआधी लिंक कुणी पाठवली?"

"नमुना दाखवायला लागतो बाळा. नाहीतर माणूस दुसरीकडे जातो."

"मग जाऊ दे की. केयूरने लिहिलं, तुम्ही पाठवलं, यांनी चिकटवलं. माझ्या हातात आलं तेव्हा ट्रक भरत होता. उद्या एखादं पोर आपटलं तर त्यातला निवडलेला भाग कुठला, ते सांगा मला."

जयसिंगदादांनी सुस्कारा सोडला. शूर माणसाला माघार घ्यायची असली की तो आधी खोकतो, तसे ते खोकले. "त्याला काय सांगू मी?"

"सांगा, आकडा आमचा आहे आणि खोटा आहे."

"आमचा म्हणू?"

"आमचाच आहे."

  "फोन दे त्याला," जयसिंगदादा म्हणाले. निरंजनजींनी फोन घेतला, ऐकलं, "अच्छा", "अच्छा" करत राहिले आणि मग म्हणाले, "भैया, आकड़ा झूठा था तो इतना सुंदर क्यों लिखा?"  फोन लवकर बंद झाला.

"साइट आपकी, मर्ज़ी आपकी," निरंजनजी आभाला म्हणाले. "माल हमारा. गाड़ी जाएगी." आणि त्यांनी ड्रायव्हरला हात केला. मग रिवाजाप्रमाणे त्यांनी शाळेत फोन लावला, गाडी निघते आहे हे सांगायला. फोन स्पीकरवर होता, कारण त्यांच्या मते मोठ्या लोकांशी मोठ्यानेच बोलायचं असतं.

"निरंजन जी," प्राचार्याबाईंचा आवाज आला, "मैं आपकी ही साइट खोले बैठी हूँ, सामान मिलाने के लिए. इसमें लिखा है जाँची नहीं गई. और स्टिकर ग़लत है. ये क्या है?"

"वो मैडम, वेबसाइट वालों की गड़बड़ी है."

"कौन सी? पहले वाली या अभी वाली?"

 निरंजनजींनी आभाकडे पाहिलं. आभाने ट्रककडे.

"कितना वज़न उठाता है, ये आप अपने मुँह से बता दीजिए," बाई म्हणाल्या. "और किसने जाँचा, उसका कागज़ भेज दीजिए. तब तक गाड़ी मत भेजिए. उद्घाटन पेड़ लगा के कर लेंगे."

फोन बंद झाला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि खाली उतरून सावलीत जाऊन बसला. दोर आवळणारे दोघे आता दोर सोडू लागले, तेवढ्याच निवांतपणे, जणू आवळला होता तोही सोडण्यासाठीच. एकेक बादली-झुला खाली येऊ लागला.

आभाला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हे झुले उद्या दुसऱ्या शाळेत जातील, जिथल्या बाई साइट उघडत नाहीत. पाठीवर तोच मामा.

"पुट्टी लगाने वाली पत्ती होगी?" तिने विचारलं.

एकाने पत्र्याची पातळ पट्टी आणून दिली. ती पहिल्या झुल्यापुढे उकिडवी बसली आणि स्टिकर खरवडू लागली. तो सुखासुखी निघेना. वरचा चकचकीत पापुद्रा निघे, खालचा चिकटा राही, त्याला लगेच धूळ लागे आणि तो काळा होई. तिच्या नखांत तो चिकट मळ भरला. एरवी या एका गोष्टीने ती दिवसभर जेवली नसती. ती खरवडत राहिली.

निरंजनजी जरा वेळ लांबून बघत होते. राग त्यांना फार काळ टिकवता येत नसावा. ते जवळ आले, म्हणाले, "धीरे मैडम, रंग ना निकले." मग म्हणाले, "बी.के.डी. चौराहे की तरफ़ इंजीनियरिंग कॉलेज है, वहाँ जाँच लेते हैं शायद. पुछवाता हूँ." आभाला वाटलं, माणूस शेवटी माणूसच आहे. तिने मान वर केली.

निरंजनजींनी फोन आडवा धरला होता आणि ते तिचा फोटो काढत होते.

"थोड़ा इधर देखिए," ते म्हणाले. "ये वाली साइट पे डालेंगे. गुणवत्ता जाँच विभाग."

आभा उठली. हात ओढणीला पुसले, पुसले गेले नाहीत. तसल्याच चिकट बोटांनी तिने त्यांच्या हातून फोन घेतला, फोटो पुसून टाकला, जिथे पुसलेले फोटो पडून राहतात तिथूनही पुसला, आणि फोन परत दिला. मग पुन्हा खाली बसली आणि दुसरा झुला पुढ्यात ओढला.